गळ्यातला चाळीस

माझी मोठी नणंद दोन महिने तापानं पडून होती. उठली तेव्हा अंगावर मांस म्हणून काही उरलं नव्हतं. माझ्या पोराचं लग्न तोंडावर, ही मानाची आत्या, आणि म्हणे, "मी नाही येत. लोकं पाह्यतील न् हळहळतील. कायले?"

दिग्रसला बसस्टँडजवळ माझं रेडिमेडचं दुकान आहे. ताईंच्या कुडत्याचा नंबर जन्मभर चाळीस. मी आग्रहानं बोलावलं, तर दुकानातले सगळे चाळीस त्यांनी घालून पाहिले, सगळे खुंटीला टांगल्यासारखे. मी छत्तीस पुढं केला तर तो त्यांनी फेकलाच. "हा पोरींचा नंबर आहे. मी काय मरून राह्यली का?"

त्याच आठवड्यात नागपूरहून एक्सपोर्टचे उरलेले लांब टॉप आणले. गळ्यातल्या लेबलावर ठसठशीत आकडे होते म्हणून घेतले. आमच्या बाया इंचात माप मागतात; S, M, L वर त्यांचा भरवसा नाही, आणि माझाही नाही. अमेरिकेसाठी शिवलेला M आमच्या L एवढा ढगळ निघतो.

दोन दिवसांत तीन टॉप परत आले. "चाळीस म्हणून दिला, पोरीच्या छातीत अडकून राह्यला!" व्यापाऱ्याला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग एक टॉप उलटा केला. आत बाजूच्या शिवणीत बारीक पट्टी: D 38, F 40, I 44, GB 12.

अरे देवा, जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन, एकाच बाईचे चार नंबर! इंच असते तर देशोदेशी बदलले असते का? हा चाळीस फ्रान्सचा होता. फीत लावली, तर छत्तीस छातीच्या बाईलाच नीट बसेल असा. तिकडच्या बायांसाठी शिवलेला माल, उरला म्हणून आमच्या पदरी. चूक माझीच, आकडा दिसला की मी इंच समजते.

मी कात्री घेऊन लेबलं कापायला बसले, खऱ्या इंचांच्या चिठ्ठ्या लावणार होते. तेवढ्यात ताई आल्या. न कापलेल्यातला एक टॉप उचलून पडद्यामागं गेल्या. बाहेर आल्या तर अगदी मापात बसलेला.

"पाह्य! चाळीस. मी कुठं वाळली?" त्या हसल्या. तापानंतर पहिल्यांदा. गिऱ्हाइकाशी मापात मी खोटं बोलत नाही, पण कात्री न् चिठ्ठ्या मी गल्ल्यामागं सरकवल्या.

ताईंनी टॉप काढला, घडी घालताना शिवणीतली पट्टी बोटांत धरली. बराच वेळ वाचत राहिल्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई.

"वहिनी, ही पट्टी टोचते," त्या म्हणाल्या. "काप. गळ्यातला नंबर राहू दे. आन् हळदीसाठी अजून एक काढ, चाळीसच."

मी पट्टी कापली.