सतरा पानांत दडलेली एक ओळ

उदगीरच्या पार्वतम्मांना अंडाशयाचा कर्करोग होता. त्यांचा जनुक तपासणीचा अहवाल घेऊन मुलगी सृष्टी आणि भाऊ गुरुपादप्पा लातूरला जनुकीय समुपदेशक अंजू बिराजदार यांच्याकडे आले. वरची तारीख पाहून अंजू संतापल्या. अहवाल आठ महिन्यांपूर्वीचा होता!

"कुणीच समजावून सांगितलं नाही?"

"न्हाई. फाइलला लावून ठेवा म्हणले," सृष्टी म्हणाली.

सतरा पानं, सगळी इंग्रजीत. अंजूंनी तिथंच एका कागदावर मराठीत लिहिलं: 'बीआरसीए-१ या जनुकातला बदल रोगकारक आहे. त्यानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सख्खी भावंडं आणि सज्ञान मुलं यांनी फक्त याच बदलाची तपासणी करावी. प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. एटीएम या दुसऱ्या जनुकातल्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नये, नातेवाइकांची तपासणीही नको.'

गुरुपादप्पा म्हणाले, "बायांच्या आजारात माझं काय काम?"

"हा बदल बापाकडूनही लेकीला जातो, मामा," अंजू म्हणाल्या.

गुरुपादप्पांना दोन लेकी होत्या. त्यांनी त्याच दिवशी तपासणीसाठी रक्त दिलं.

सृष्टीत बदल निघाला नाही. गुरुपादप्पांत निघाला, मग त्यांच्या थोरल्या लेकीत, पुनममध्येही. पुढच्या तपासणीत तिच्या स्तनात लहानशी गाठ सापडली. ती कर्करोगाचीच होती. उपचार लगेच सुरू झाले.

"आठ महिने कागद कपाटात होता," गुरुपादप्पा कडाडले, "अन् एक ओळ सांगायला कुणाला तोंड नव्हतं?"