मागखात्याचा तोटा

कबनूरच्या अलीकडे एका कापड कारखान्यात मी कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाचे हिशेब मांडायला लागलो, तेव्हा मामाला तिथं येऊन अर्धं आयुष्य झालं होतं. मामा मागखात्यात जॉबर. म्हणजे पाळीत माग अडला, ताणा सैल पडला की जुळवून देणारा. मी ऑफिसात, पंख्याखाली. आमच्या घरात हे नवीनच होतं. वडील कामगार संघटनेचे. लहानपणी मी गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त वाचली. गेटवर वाटायची पत्रकं घडी घालून द्यायचं काम माझं असायचं. त्या पत्रकांत सगळं स्वच्छ होतं. गेटच्या आत मालक, गेटच्या बाहेर आपण.

मला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मालकांनी ठरवलं की मागखातं बंद करायचं. कारण हिशेबात ते तोट्यात दिसत होतं. कापड बाहेरून विणून आणायचं आणि आपण फक्त रंगवायचं, असा विचार. मामासकट सगळे मागवाले घरी जाणार होते. महिन्याचा जो तक्ता मालकांच्या टेबलावर जायचा, त्यात मागखातं पंचेचाळीस हजार तोट्यात होतं आणि प्रोसेस, म्हणजे रंगाईचं खातं, चाळीस हजार नफ्यात. आकडे इथं गोळाबेरीज करून देतोय, पण चित्र हेच.

दोन्हींची बेरीज करा. अख्ख्या कारखान्याचा तोटा पाच हजार. पाहुण्यांच्या चहा-नाश्त्याला मालकांच्या केबिनमध्ये याहून जास्त जायचे. पण तक्त्यात एक खातं लाल दिसलं की मालकांचं बोट तिथंच जातं.

तो तक्ता मी भरायचो, पण रीत साहेबांची होती. साहेब म्हणजे आमचे कॉस्ट अकाउंटंट, वयस्कर, सभ्य, मधुमेही. कारखान्यात कापड तयार करणारी दोन खाती, माग आणि प्रोसेस. त्यांची सेवा करणारी दोन, पॉवर हाऊस आणि वर्कशॉप. पॉवर हाऊसमध्ये बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, कॉम्प्रेसर. वर्कशॉपमध्ये लेथ, वेल्डिंग, फिटर. या दोघांचा माल बाजारात विकला जात नाही, म्हणून त्यांचा खर्च माग आणि प्रोसेसच्या डोक्यावर वाटायचा असतो. पॉवर हाऊसचा महिन्याचा खर्च सात लाख वीस हजार, वर्कशॉपचा सहा लाख. एकूण तेरा लाख वीस हजार. साहेब ते सरळ वाटून टाकायचे. मागावर सहा लाख चाळीस, प्रोसेसवर सहा लाख ऐंशी.

यात काय सुटत होतं ते मला वर्कशॉपच्या दारात उभं राहून कळलं. कुणा खात्याला दुरुस्ती हवी असली की मिस्त्री जॉबकार्ड मागायचे, म्हणजे कामाचे तास त्या खात्याच्या नावावर लिहायचं कार्ड. मागखात्यातून कुणी विनाकार्ड आलं तर परत पाठवायचे. पण बॉयलरवाला आला की न विचारता दोन फिटर पाना घेऊन त्याच्यामागं चालायला लागायचे. मी विचारलं, याचं कार्ड कुठाय.

"घरातल्या घरात कसलं कार्ड?" मिस्त्री म्हणाले. "त्येंची वीज आमी वापरतो, त्येंचा पंप आमी करतो. शेजारधर्म हाय त्यो."

हा शेजारधर्म कधीपासूनचा, कुणाला ठाऊक नव्हतं. मी मिस्त्रींना गळ घातली, दोन महिने बॉयलरच्या कामाचेही तास कार्डावर लावा. ते हसले, पण लावले. बेरीज केली तर वर्कशॉपच्या शंभर तासांतले चाळीस पॉवर हाऊसमध्ये जात होते. चाळीस मागखात्यात, आणि फक्त वीस प्रोसेसमध्ये. आमच्या तक्त्यात ते पॉवर हाऊसचे चाळीस नव्हतेच. उरलेल्या साठात मागखातं दोन तृतीयांश, म्हणून वर्कशॉपचा दोन तृतीयांश खर्च मागखात्यावर. आणि बॉयलर दुरुस्त होत होता कुणासाठी? पॉवर हाऊसची सेवा शंभरातली साठ प्रोसेसला जायची, कारण वाफ तिथं लागते. मागाला तीस, वर्कशॉपला दहा. म्हणजे वाफ घेणार प्रोसेस आणि वाफेच्या यंत्राची मलमपट्टी भरणार मागवाले. तेव्हा माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाच तयार झाला होता.

अडचण अशी की दोघं एकमेकांची सेवा करतात. पॉवर हाऊसचा पूर्ण खर्च कळायला वर्कशॉपचा पूर्ण खर्च कळायला हवा, आणि वर्कशॉपचा कळायला पॉवर हाऊसचा. एकाला आधी धरलं की दुसरा खोटा ठरतो. म्हणून दोघांना एकदम धरायचं. शाळेतली दोन समीकरणं. पॉवर हाऊस म्हणजे स्वतःचे सात लाख वीस हजार अधिक वर्कशॉपच्या पूर्ण खर्चाचे चाळीस टक्के. वर्कशॉप म्हणजे स्वतःचे सहा लाख अधिक पॉवर हाऊसच्या पूर्ण खर्चाचे दहा टक्के. दुसरं पहिल्यात घातलं की पॉवर हाऊसच्या शहाण्णव टक्क्यांची किंमत नऊ लाख साठ हजार निघते. म्हणजे पॉवर हाऊस दहा लाख, वर्कशॉप सात लाख.

आता मागखात्यावर पॉवर हाऊसचे तीन लाख आणि वर्कशॉपचे दोन लाख ऐंशी हजार. पाच लाख ऐंशी. आधीपेक्षा साठ हजार कमी. पंचेचाळीस हजारांचा तोटा जाऊन पंधरा हजार नफा.

साहेबांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. बरोबर आहे म्हणाले. हेच ते संध्याकाळच्या क्लासात पोरांना शिकवत होते. मग कारखान्यात का नाही केलं, हे मी विचारलंच. ते म्हणाले की बॉयलरचे तास कुणी दिलेच नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. एवढंच. लोकांच्या पोटावर येणारी गोष्ट आणि तिचं कारण एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत मी मामाला सांगितलं. तो भाकरी मोडत होता.

"म्हंजे आमी तोट्यात न्हवतोच की," तो म्हणाला. मग भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत, "मग कोन हाय?"

मी म्हटलं, ते बघू. मला घाई होती.

मालकांकडे साहेब आणि मी दोघं गेलो. मालक आकड्याला कच्चे नव्हते. त्यांनी लगेच विचारलं, खर्च तेरा लाख वीस हजार, मग हे दहा आणि सात मिळून सतरा लाख कुठून काढले. साहेबांनी शांतपणे समजावलं की एकमेकांना दिलेली रक्कम त्यात दोनदा दिसते. शेवटी माग आणि प्रोसेसवर जाते तेवढीच खरी, आणि तिची बेरीज तेरा लाख वीस हजारच येते. मालकांनी ती कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. मागखात्याचे पाच लाख ऐंशी. प्रोसेसचे सात लाख चाळीस. मग त्यांचं बोट प्रोसेसच्या ओळीवर थांबलं. चाळीस हजार नफ्याच्या जागी वीस हजार तोटा.

मी बोललो. कारखान्याचा तोटा कालही पाच हजार होता, आजही पाचच आहे, आपण फक्त तो बरोबर ठिकाणी दाखवला. वाफ कुठं गळते ते बघा, खातं बंद करू नका. प्रोसेस बंद केलं तरी बॉयलरचे हप्ते, ट्रान्सफॉर्मरचा महिन्याचा ठरलेला वीज-आकार, वर्कशॉपचे पगार बंद होणार नाहीत, ते मागाच्या डोक्यावर येतील. मालक म्हणाले, "चांगलं काम केलंस तू." आणि कागद ठेवून घेतला.

पुढच्या महिन्यात प्रोसेस बंद झालं. कच्चं कापड इचलकरंजीतल्या दुसऱ्यांकडे रंगायला जाऊ लागलं.

प्रोसेसमध्ये कापड रंगवायच्या जिगर मशीनवर आमच्या गल्लीतले चाचा होते. वडिलांच्या संघटनेचे जुने सभासद. मी घडी घातलेली पत्रकं त्यांनी गेटवर वाटली होती. शेवटचा पगार घेऊन ते ऑफिसात आले. नखांत रंग तसाच होता. मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"बेटा, हिशेब तुजा हाय म्हनं."

मी म्हटलं, हिशेब माझा, निर्णय मालकांचा.

"हिशेब चुकीचा हाय काय?"

"नाही, चाचा. बरोबर आहे."

"मग झालं की," ते म्हणाले. "मागवाल्यांवर आमचा बोजा होता, त्यो तू उतरवलास. त्यात वाईट काय न्हाय. पर आमचा उतरवायला कोन हाय का तुज्या हापिसात?"

मी वडिलांकडं गेलो. म्हटलं, पत्रक काढू या, मी लिहितो. त्यांनी विचारलं, गेटवर कोण उभं राहणार. मागवाले प्रोसेसवाल्यांसाठी उभे राहिले नाहीत. मामाही नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की आमचं नाव निघालं होतं तेव्हा प्रोसेसमधलं कोण आलं होतं. खरंच कुणी आलं नव्हतं. तक्त्यात एकाची ओळ वर आणि दुसऱ्याची खाली असते. तसेच आम्ही सगळे त्या तक्त्यात जाऊन बसलो होतो, गेटच्या आत आणि बाहेर हा हिशेब विसरून. पत्रक निघालं नाही.

मला आजही त्या समीकरणांचा राग येत नाही. ती खरी होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. प्रश्न होता की कुणाला काढायचं. पाच हजारांच्या तोट्याला कुणाला तरी काढायलाच हवं का, हा प्रश्न त्या केबिनमध्ये मी सोडून कुणी विचारला नाही, आणि माझं शेवटचं वाक्य होईपर्यंत मालकांनी घंटी दाबून पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडांचा खर्च गेला, प्रोसेसकडचे पगार गेले. पण बॉयलर थंड पडला तरी त्याचे हप्ते थंड पडेनात. ट्रान्सफॉर्मर तोच, मिस्त्री तेच. पॉवर हाऊस आणि वर्कशॉप मिळून आठ लाखांवर येऊन अडकले. साहेबांनी मला तक्ता करायला बसवलं आणि सवयीनं विचारलं की कोणत्या पद्धतीनं करतोयस.

मी दोन्ही समीकरणं मांडली. नवीन तास, नवीन टक्के, सगळं काटेकोर. पॉवर हाऊसमधून वर्कशॉपकडे, वर्कशॉपमधून पॉवर हाऊसकडे. कितीही फिरवा, बाहेर पडायला वाट एकच उरली होती. आठच्या आठ लाख मागखात्यावर. पाच लाख ऐंशी भरून जे खातं पंधरा हजार मिळवत होतं, ते आता दोन लाख पाच हजार तोट्यात. साहेबांच्या जुन्या रीतीनंही तेच आलं असतं, आणि डोळे मिटून केलं असतं तरी तेच.

तक्ता वर गेला. त्याच आठवड्यात मागखात्याच्या दारावर नोटीस लागली.

संध्याकाळी मामा गेटबाहेर सायकल धरून थांबला होता. त्याला अजून एक आशा होती, ती मी.

"भाच्या, मागच्या खेपंला केलंतास तसं गणित परत मांड की."

मी त्याला सांगितलं की मांडलं होतं. तो सायकलवर टांग मारून कबनूरच्या रस्त्याला लागला.