आत्याच्या ट्रेमधले बारा परीक्षार्थी

आमच्या आत्याने पस्तीस वर्षं शाळेत परीक्षांवर देखरेख केली. दोन बाकांत हातभर अंतर नसेल, तर तिला ठसका लागायचा. निवृत्त झाल्यावर तिने घरातल्या खुर्च्यासुद्धा लांब लांब मांडल्या, पण कॉपी करायला कोणी उरलंच नव्हतं. घर शांत आणि आत्या उदास.

अशात दवाखान्याच्या कँटीनवाल्या बाईंनी विचारलं, "सूपबरोबर मऊ दुधाचे पाव द्याल रोज? अंडं मात्र नको. शनिवारी चव बघून ठरवते." आत्या फुलली. सकाळी उठायला कारण मिळणार होतं!

शनिवार उजाडेपर्यंत तिचे दोन ट्रे वाया गेले होते. पाव चपटे, कडेने कडक. ते चावून माझ्या दाढेने राजीनामा द्यायची तयारी केली. शेवटी मी कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या काकांना घेऊन आलो. त्यांनी भाजायला मांडलेला तिसरा ट्रे पाहिला. बारा गोळे, दर दोघांत चांगलं चार बोटं अंतर.

"ताई, वार्षिक परीक्षा आहे का यांची?"

"चिकटतील ना एकमेकांना!"

"चिकटू द्या की! लांब बसवले की पसरतात आणि चहूबाजूंनी भाजतात. जवळ असले की एकमेकांना टेकून वर चढतात, बाजू मऊ राहतात."

आत्याने हिंमत एकवटून लहान ट्रे काढला. कोमट दूध, यीस्ट, लोणी घालून मळलेली कणीक फुगून तयार होतीच. काकांनी ते बारा गोळे मोडून तराजूवर पुन्हा सारखे तोलले. कडा खाली ओढून ओट्यावर, पीठ न भुरभुरता, तळहाताच्या वाटीत गरगर फिरवले, म्हणजे वरचं कातडं ताणलं जातं. सांधा खाली ठेवून, बोटभर अंतराने मांडले.

पाऊण तासात गोळे एकमेकांना भिडले. आत्याने डोळे मिटले.

"बोट टेकवा," काका म्हणाले. खळगा पडला आणि हळूहळू भरत आला. "झाले तयार."

"पण अंड्याशिवाय चमक कुठून आणू?"

"दुधात चिमूटभर साखर घालून ब्रशने अलगद फिरवा. डबकं नको. भट्टीतून निघाले की लगेच वर लोणी."

चार वाजता कँटीनवाल्या बाई आल्या. पाव सोनेरी आणि तुकतुकीत झाले होते. बाईंनी एक ओढला. तो शेजाऱ्यापासून सुटताना कापसासारखे धागे निघाले. आत्याने श्वास रोखला. निकालाच्या दिवशी तिची पोरं रोखायची, अगदी तसा.

बाईंनी दुसराही खाल्ला. मग तिसरा पदराआड गेला, तो मी पाहिला.

"सोमवारपासून रोज चाळीस. पहाटे साडेसहाला."

आत्याने मान डोलावली. बाई गेल्यावर ती ट्रेकडे बघत म्हणाली, "एकमेकांना चिकटून बसले, म्हणून सगळे पास! माझ्या पोरांना उगाच लांब बसवलं रे."

मग तिने एक खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला अगदी लगटून ठेवली, आणि बेकरीवाल्या काकांसाठी आणखी एक.