बारशाच्या आधीची रजा

मुलगी होण्याच्या आठवडाभर आधी मी साहेबांना रजेसाठी पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण आमच्या कंपनीत आनंद असो की अडचण, वर कळवायची तर इंग्रजीतच कळवतात. ठिबकच्या नळ्या विकणारी ही कंपनी, तिचं विभागीय ऑफिस नांदेडला, आणि मी तिथे डीलरांच्या ऑर्डरी सांभाळतो. हळदीच्या लागवडीआधीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे रजा मागणं म्हणजे लग्नघरात जाऊन झोपायला जागा मागण्यासारखं.

मागितलं ते फार नव्हतं. केंद्र सरकारच्या नोकरांना बाप झाल्यावर पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत तसा कायदा नाही, कंपनी देईल ते खरं. आमच्या नियमांत सात कामाचे दिवस लिहिलेले होते. ऑफिसात ते आजवर कुणी घेतले नव्हते. ते सात दिवस, बायकोला दवाखान्यातून सोडतील त्या दिवसापासून. पुढे महिना भरेपर्यंत सकाळी साडेनऊऐवजी अकराला येण्याची सवलत. राहिलेले तास मी संध्याकाळी घरून ऑर्डरी भरून पुरे करीन, डीलरांचे फोन सकाळीही घेईन. माझ्या मते पत्र चोख होतं. त्यात एकच गोष्ट लिहिली नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे लातूरला, ठरलेलं होतं. पण सातव्या महिन्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर धरून कशाबशा संडासापर्यंत जातात. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. म्हणजे बाळंतिणीला उठवायला-बसवायला दोन्ही घरांत बाईमाणूस नव्हतं. डॉक्टर लातूरचेच, म्हणून बाळंतपण तिथे करायचं आणि मग तिला नांदेडला आमच्या भाड्याच्या घरी आणायचं, असं आम्ही ठरवलं. सासऱ्यांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईबापू, हे कुणापाशी बोलू नका. पहिलं बाळंतपण माहेरानं केलं न्हाई, असा बोल लागतो." मी मान डोलावली आणि पत्रात फक्त 'कुटुंबाची गरज' असं लिहिलं. अशा शब्दांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो, आणि लोक तो लावतातच.

मुलगी झाली, सिझेरियन करावं लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभा असताना पुण्याच्या मुख्य ऑफिसचा मेल आला: नियमात बसते, रजा द्या, तारखा आणि वेळेची सवलत साहेबांनी ठरवावी. त्याखाली साहेबांनी तारखा ठरवल्या होत्या. रजा बारशाच्या आठवड्यात. वेळेबद्दल अक्षर नाही.

मी तिथूनच फोन लावला. साहेबांचा आवाज प्रसन्न होता. "अभिनंदन! लक्ष्मी आली. अन् रजा कशी मस्त बसवून दिली बघा. बारसं, पाहुणे, सगळं त्यात होतंय."

"सर, मला परवापासून हवी होती."

"परवा काय करता? बाळंतीण माहेरी हाय, तिथं तिची आई हाय. बापाचं काम बारशाला असतंय. आता जाऊन नुसते खुर्चीवर बसून राहताल."

माणूस वाईट नव्हता, हेच अवघड होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझं भलं केलं होतं, फक्त ते मला नको त्या आठवड्यात केलं होतं. मला खूप राग आला. बराचसा त्यांच्यावर, थोडा सासऱ्यांच्या अब्रूवर.

वर येऊन बायकोला सांगितलं. ती टाक्यांवर हात ठेवून पडली होती. माझं ऐकून म्हणाली, "मग खरं लिहा की."

"तुझ्या बाबांना बोल लागेल म्हणे."

"आईचा पाय मोडलाय, नाक नाही कापलं गेलं. लिहा. नाहीतर परवा घरी मला पाणी कोण देणार, तुमचे साहेब?"

मी त्याच खोलीत, फोनवर, दुसरं पत्र लिहिलं. या वेळी मराठीत. सासूबाई वॉकरवर आहेत, माझी आई नाही, बायकोला वाकता येत नाही, मूल उचलून तिच्याजवळ द्यायला घरात माझ्याशिवाय माणूस नाही. बाळ-बाळंतिणीला मालिश आणि आंघोळ घालणारी बाई साडेनऊला येणार नि साडेदहाला जाणार. त्या वेळेत चुलीवरचं पाणी उतरवायला आणि बायकोला धरून उठवायला मी लागणार, म्हणून अकरा. सगळं घर कुणीतरी रस्त्यावर मांडावं तसं वाटत होतं. तरी पाठवलं.

उत्तर संध्याकाळी आलं. रजा परवापासून मंजूर. वेळेचं मात्र, 'तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील, नंतर बघू.'

आमच्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

सात दिवस गेले. मी लंगोट धुतले, खिचडी करपवली, पोरीची मान कशी धरायची ते मालिशवाल्या बाईकडून दोनदा बोलणी खाऊन शिकलो. बायको स्वतः उठून बसू लागली, पण वाकणं अजून नव्हतंच. रजा संपली त्याच दिवशी आम्ही घरातच लहानसं बारसं ठेवलं. सासूबाई लातूरहून वॉकरसकट गाडीत बसून आल्या आणि सासऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. साहेब आले, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, याही आल्या, झबलं आणि डिंकाचे लाडू घेऊन.

मी उद्याच्या साडेनऊचाच विचार करत होतो. पाळणा झाल्यावर वहिनींनी पोरीला उचललं आणि सरळ साहेबांच्या पुढे धरलं.

"घ्या."

"मला येत न्हाई," साहेब म्हणाले.

"येणार कसं? आपल्या दोन्ही पोरांच्या वेळी तुम्ही कंपनीच्या देगलूरच्या डेपोवर. बारशाला आलात, जेवलात, संध्याकाळच्या गाडीनं गेलात. मी टाक्यांवर पदर आवळून बारा दिवस काढलेले कुणाला दिसले?" हे त्या हसत म्हणाल्या, पण खोलीत कुणी हसलं नाही.

साहेबांनी हात पुढे केले. नळ्यांचं बंडल घ्यावं तसे, दोन्ही तळवे वर.

"मान धरा, सर," मी म्हणालो. त्यांचा हात मी पोरीच्या मानेखाली सरकवला. ते खुर्चीच्या कडेवर तसेच अवघडून बसले. पोरगी रडली, मग गप्प झाली. जेवणाची ताटं वाढली तरी त्यांनी तिला कुणाकडे दिलं नाही. वहिनी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

निघताना साहेबांनी चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अकरा म्हंजे अकरा. सव्वाअकरा चालणार न्हाई."

मी हो म्हणालो. वहिनी तोवर पायऱ्या उतरून पुढे गेल्या होत्या.