गरगरणारा पॅन

आई गेल्यावर बाबा टिटवाळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहिले. मी डोंबिवलीला. दोनदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला, तेव्हा मी सिलिंडर परत करायला लावला आणि सपाट काचेची इंडक्शन शेगडी आणून दिली. आईने शेवटच्या आजारपणाआधी हौसेने घेतलेला नॉनस्टिक पॅन ह्या शेगडीवर चालत होता, त्यामुळे बाबांची तक्रार नव्हती. सकाळी त्यात धिरडं घालायचे, मला फोन करून चांगलं झालं म्हणून सांगायचे.

पावसाळा संपता संपता ते फोनवर धिरड्याचं बोलेनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, हल्ली पावच खातो, बरा लागतो. एका रविवारी गेले तर किचनचा ओटा कोरडा ठणठणीत, आणि त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा काळपट डाग. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "माझा हात थरथरतो गं. पॅन धरून राहत नाही. उलथनं लावलं की सगळं फिरतं."

मी पीठ भिजवलं, म्हटलं तुम्ही बसा, आज मी घालते. पॅन तापला, मी पीठ ओतलं, तर ते पसरायच्या ऐवजी मधोमध तळं होऊन बसलं. कड सुटली म्हणून उलथनं घातलं आणि पॅन काचेवर गर्रकन फिरला. दांडा माझ्या पोटाशी आला. मी दांडा धरला, तर पॅन डुगडुगायला लागला.

"बाबा, हे तुमच्या हातामुळे नाही," मी म्हटलं. "हा पॅनच फिरतोय."

बाबा उठून आले. ठाण्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पत्र्याचं काम केलेलं. पॅन निवू दिला, पालथा घातला आणि कपाटातून जुनी स्टीलची पट्टी आणून बुडावर आडवी ठेवली. पट्टी मधल्या भागावर टेकली आणि दोन्ही टोकांशी खालून उजेड दिसला. बूड बाहेर फुगलं होतं.

मग ते कितीतरी दिवसांनी भरभरून बोलले. बूड पातळ आहे. ही शेगडी फुल्लवर ठेवली की मधलाच भाग झटकन तापतो, पसरायला बघतो. कडा अजून थंड, त्या जागा देत नाहीत. मग मधला भाग खालच्या बाजूला फुगतो. गॅसच्या शेगडीवर पॅन लोखंडी जाळीच्या दांड्यांवर बसतो, म्हणून तिथे ते जाणवत नाही. काचेवर मात्र एकाच ठिकाणी टेकतो आणि भोवऱ्यासारखा फिरतो. शिवाय तापलेला पॅन ते लगेच नळाखाली धरायचे, आई गेल्यापासून भांडी पडून राहिलेली त्यांना बघवत नव्हती म्हणून. गरम धातूवर एकदम थंड पाणी पडलं की तो जागच्या जागी आखडतो.

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "सगळं आयुष्य पत्रे सरळ केले. पण इथे पट्टी लावून बघायचं सुचलं नाही. आपलंच काहीतरी बिघडलंय म्हटलं आणि सोडून दिलं."

पॅन टाकायला ते तयार नव्हते. पाटावर जाड टॉवेल घालून पॅन पालथा ठेवला आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून बुडावर हलके हलके ठोकलं. पट्टी नीट बसली. मलाही बरं वाटलं. पण शेगडीवर तापल्याबरोबर बूड पुन्हा खाली आलं, आणि आत बघितलं तर काळ्या थराला बारीक चिरा जाऊन एक पापुद्रा सुटलेला. असल्या पॅनमध्ये खायचं करायचं नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनीच तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दाराशी ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला भांड्यांच्या दुकानात गेलो. बाबांनी पट्टी खिशातून नेली होती. जाड, जड बुडाचे तीन पॅन पालथे घालून बघितले आणि ज्याचं बूड मध्ये किंचित आत होतं तो घेतला. तापल्यावर हे सपाट होईल, म्हणाले. घरी मंद आचेवर सावकाश तापवला. पॅन जागचा हलला नाही.

बाबांनी धिरडं घातलं, झाकण ठेवलं, काढलं. मग उलथनं हातात घेतलं. पॅन स्थिर होता, म्हणून हाताची थरथर आणखी स्पष्ट दिसली. उलथन्याचं टोक कडेला टकटक वाजत होतं आणि थांबत नव्हतं.

आम्ही दोघांनीही ऐकलं. त्यांनी शेगडी बंद केली.

"म्हणजे तेही होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हळूहळू वाढेल म्हणाले. आता सकाळी खालच्या मजल्यावरच्या एक ताई येऊन त्यांचा नाश्ता करून जातात. पॅन धुवायच्या आधी निवू द्या, एवढं मात्र बाबा त्यांना रोज सांगतात.