आबांच्या नावानं रोजचं राशिभविष्य

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले आणि शेळगावला स्वतःच्या घरात राहायला गेले. तिथं त्यांना नवा छंद लागला. सोशल मीडियावरच्या आपल्या खात्यावर रोज सकाळी एक विचार लिहायचा. अंगारे-धुपारे, मुहूर्त, नवस यांच्याविरुद्ध दोन-तीन वाक्यं. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात ना पत्रिका आली ना पंचांग. आबांचं लिखाण विहारातली मंडळी वाचायची, आणि रविवारी वंदनेनंतर त्यावर बोलणं व्हायचं.

एका सकाळी मी बारामतीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी मोजत असताना आईचा फोन आला.

"तुझ्या आबांनी जेवण सोडलंय. दोन रविवार विहारात बी गेलं न्हाईत. तू ये."

"झालंय काय?"

"मोबाईलमधलं कायतरी हाय. मला सांगत न्हाईत."

मी त्यांचं खातं उघडलं. सकाळी सहाला त्यांनी लिहिलं होतं की, ग्रह आपल्या जागी फिरतात, माणसानं आपल्या पायावर फिरावं. सात वाजता त्याच नावानं, त्याच फोटोसह दुसरी पोस्ट होती: 'आज माझ्या राशीला शनी अनुकूल आहे. तुमचंही भविष्य पाहा.' खाली एक लिंक. मागं जाऊन पाहिलं तर बारा दिवस रोज असंच. गावातल्या कुणीतरी खाली विचारलं होतं, 'काका, विहारात एक बोलता, घरी एक करता का?'

शनिवारी मी स्कूटीवर शेळगावला गेले.

आबा अंगणात बसले होते. फोन त्यांनी उशीखाली ठेवला होता.

"पासवर्ड दोनदा बदलला," ते म्हणाले. "तरी बी येतंय. कोण लिहितंय माझ्या नावानं?"

मला थोडंफार माहीत होतं. कॉलेजात एकदा याविषयी माहिती दिली होती. एखाद्या अ‍ॅपला आपण आपल्या खात्यातून आत यायला परवानगी दिली की त्याच्याकडं वेगळी किल्ली जाते. पासवर्ड बदलला तरी ती किल्ली चालूच राहू शकते. ती आपण स्वतः काढून घ्यावी लागते.

मी त्यांच्या शेजारी बसून खात्याच्या सेटिंग्ज उघडल्या आणि जोडलेल्या अ‍ॅपची यादी काढली. पाच नावं निघाली. एक वर्तमानपत्र, एक हवामानाचं अ‍ॅप, एक पीकसल्ल्याची वेबसाइट, एक बुद्धिबळाची. आणि पाचवं भविष्याचं. त्यावर बोट ठेवल्यावर परवानग्या दिसल्या: तुमच्या पोस्ट वाचणं, तुमच्या वतीनं पोस्ट करणं. त्याखाली परवानगी दिल्याची तारीख आणि वेळ होती.

ती तारीख मी लगेच ओळखली.

तो माझ्या मुलीच्या जन्माचा आठवडा होता. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. ती दिवस भरण्याआधी झाली होती, बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि आम्हाला फक्त बाहेरून बघू देत होते. माझ्या फोनची बॅटरी संपली होती. आबा बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते, त्यांचा फोन माझ्या हातात होता. त्यात कुठूनतरी जाहिरात आली: बाळाची जन्मवेळ सांगा, आयुष्यरेषा जाणून घ्या. पुढं जायला खात्यातून आत या. मी काहीही न वाचता 'परवानगी द्या' दाबलं होतं. तिची जन्मवेळ, जन्मगाव, सगळं भरलं होतं. उत्तर चांगलं आलं, आणि मी रडले होते. नंतर ते पान बंद केलं आणि ती गोष्ट स्वतःपासूनसुद्धा लपवली.

इतकी वर्षं ते अ‍ॅप गप्प होतं. मालक बदलला असेल किंवा धंदा. आता जागं झालं होतं.

"गावलं काय ते?" आबा म्हणाले. "यादीत कोण हाय?"

मी खोटं बोलू शकले असते. आपोआप आलं असेल म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. पण मी सांगितलं. सगळं, पेटीपासून.

आबांनी ती तारीख स्वतः वाचली आणि म्हणाले, "मला उठवायचं हुतंस."

"काय सांगायला उठवू?"

"भ्या वाटतंय म्हणून. मला बी वाटतच हुतं की."

मला मान वर करवेना. शरमेनं मी यादीतल्या सगळ्यांच्याच परवानग्या काढून टाकल्या, एकामागून एक, वाचायला न थांबता. भविष्य गेलं. बाकीची चारही गेली.

हीच घाई मला पुन्हा नडली. दुपारी आबांनी बुद्धिबळ उघडलं तर समोर फक्त लॉगिनचं पान. केरळातल्या एका निवृत्त रेल्वे गार्डबरोबर त्यांचा डाव चालायचा, दिवसाला एक चाल. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, नंबर माहीत नाही. तीन दिवस चाल दिली नाही तर डाव हरला असं धरतात.

"त्यो माणूस वाट बघंल," आबा म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी उठले, बसले, परत उठले. शेवटी त्या साइटवर 'खात्यातून आत या' दाबलं. परवानगीचं पान आलं. या वेळी आम्ही दोघांनी ते ओळीनं वाचलं. फक्त नाव आणि फोटो मागत होते, पोस्ट करण्याची परवानगी नव्हती. परवानगी दिली, आणि डाव जिथं थांबला होता तिथंच उघडला. मग मी तिथं त्यांचा ईमेल आणि वेगळा पासवर्ड घातला, त्यानं एकदा आत जाऊन पाहिलं, आणि नंतरच खात्याची परवानगी पुन्हा काढली. आबांनी घोडा हलवला.

परवानगी काढली म्हणून जुन्या पोस्ट जात नाहीत. त्या सगळ्या हातानं पुसाव्या लागल्या. आबा म्हणाले, "पुसू, पण लिहू बी." त्यांनी लिहिलं की, ती भविष्यं मी लिहिली नव्हती, पण परवानगी माझ्याच घरातून, माझ्याच फोनवरून दिली गेली होती, तेव्हा जबाबदारी माझी. मुलीचं, म्हणजे माझं, नाव कुठं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजेपर्यंत आम्ही तिघं फोनकडं बघत बसलो. काही आलं नाही. आबा अंघोळ करून पांढरा सदरा घालून विहारात गेले.

मी मात्र बारामतीला परतले ती स्वस्थता घालवूनच. माझी स्वतःची यादी उघडली तर तेवीस नावं. चेहरा म्हातारा करून दाखवणारं, बंद पडलेलं दुकान, कधी पाहिल्याचं आठवत नाही असं काहीतरी. प्रत्येकासमोर तारीख होती, आणि त्या दिवशी मी कशाला घाबरले होते किंवा कंटाळले होते ते मला सांगता येईना. एकवीस काढली.

परवानगी काढली की पुढचं थांबतं. आधी जे दिलं ते त्यांच्याकडंच राहतं, ते मागावं लागतं. मी त्या भविष्याच्या अ‍ॅपच्या पानावर पत्ता शोधला आणि लिहिलं की, माझ्या मुलीची जन्मवेळ आणि जन्मगाव तुमच्याकडून पुसून टाका. मेल परत आला, असा पत्ता नाही म्हणून. दुसरा पत्ता शोधला. तिथून परतही आला नाही आणि उत्तरही नाही.

मुलगी आता पहिलीत आहे, धडधाकट आहे. मी दर आठवड्याला मेल तपासते.