आक्काचं बंद खातं

आमच्या यांनी सख्ख्या बहिणीला फसवायला माझं नाव वापरलं. हा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी उदगीरच्या एका डाळमिलमध्ये हिशोब बघते. लग्नाच्या आधीपासून बघते. रोज सकाळी बँकेचं स्टेटमेंट काढायचं आणि कुणाचे पैसे आले, कुणाला गेले आणि कुणाला जाऊन परत आले, ते ओळीओळीनं लावायचं, हे माझं काम. परत येणारे काही कमी नसतात. आडत्याला पैसे पाठवले की मोबाइलवर मेसेज येतो, खात्यातून अमुक रक्कम वजा झाली. मालक खूश. पण वजा झाली म्हणजे समोरच्याला पोचली असं नाही. समोरच्या बँकेनं घेतली नाही तर दोन-तीन तासांत तीच रक्कम परत जमा होते. स्टेटमेंटवर त्या ओळीत ‘एनईएफटी आरटीएन’ असं असतं, म्हणजे रिटर्न. पुढं, पैसे जाताना होता तोच लांबलचक व्यवहार नंबर असतो, त्याला यूटीआर म्हणतात, आणि त्याच्याही पुढं कारण.

त्या कारणातच सगळं असतं. ‘अकाउंट डज नॉट एक्झिस्ट’ असेल तर असं खातंच नाही, बहुतेक एखादा आकडा चुकला. ‘अकाउंट क्लोज्ड’ असेल तर आकडे बरोबर होते, खातं होतं, पण ते बंद केलेलं आहे. पहिल्यात मी पासबुकाचा फोटो परत मागवते. दुसऱ्यात विचारते, बाबा, खातं कधी बंद केलंस आणि आम्हाला का नाही सांगितलंस? हे मी घरी जेवताना यांना कितीदा सांगितलं असेल! हे मान हलवायचे. ऐकत होते तर मेले, चांगलं कान देऊन ऐकत होते.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. नवऱ्यानं तिला कधीच टाकलंय. ती राहते ती दोन खोल्यांची जागा मालकानं विकायला काढली आणि पहिल्यांदा तिलाच विचारलं. आक्काला दुसरं काही नको होतं, ती जागा हवी होती. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून यांचं आणि आक्काचं नाव लागलेलं. हे म्हणाले, “आक्का, तू हक्क सोड, मी तुला चार लाख देतो, तुझी जागा होईल.” जमिनीचा भाव धरला तर चार लाख म्हणजे काहीच नाही. मी तसं म्हटलं, तर हे म्हणाले, “बहीण-भावाच्या मधी तू पडू नको.” आक्कानं हो म्हटलं. भावाशी घासाघीस करणं तिच्या स्वभावातच नाही.

दस्ताच्या दिवशी आक्का नांदेडला लेकीकडं मुक्काम करून सकाळच्या गाडीनं थेट उदगीरच्या रजिस्ट्री ऑफिसात आली. मी मिलमध्ये होते. दुपारच्या आत तिचा फोन.

“वैनी, हितं बसून राहिले. नंबर आलाय जवळ. भाऊ म्हणतोय पैशे काल सांजच्यालाच पाठवले. मेसेज बी टाकलाय मला. पण माझ्या खात्यात दिसंना गं. सही करू का?”

“हे काय म्हणतायत?”

“म्हणतोय बँकेला येळ लागतो. आन म्हणतोय, तुझ्या वैनीनंच बघितलंय सगळं, ती हिशोबातली हाय, तिच्यावर तरी भरवसा ठेव. तू बघितलंय म्हणल्यावर मला काय, मी करते सही.”

मी बघितलंय! मला तर पैसे पाठवल्याचंही माहीत नव्हतं.

“आक्का,” मी म्हटलं, “अंगठा लावू नका. काही झालं तरी लावू नका. पाणी प्यायचं म्हणा, पोटात दुखतंय म्हणा, काही म्हणा. मी येते.”

आधी तिच्याकडून तो मेसेज मागवला. खराच होता. चार लाख वजा, खाली यूटीआर. पण काल संध्याकाळी गेलेले पैसे आज दुपारपर्यंत रस्त्यात राहत नाहीत. पोचतात, नाहीतर परत येतात. आमचं खातं दोघांच्या नावावर आहे. मेसेज यांच्याच मोबाइलवर येतात, पण स्टेटमेंट मलाही उघडता येतं. घरचं खातं रोज उघडून बघायची मला कधी गरज वाटली नव्हती. त्या दिवशी उघडलं.

काल संध्याकाळची ओळ. चार लाख गेले. त्याच्या खाली, रात्रीच्या जेवणाच्या वेळची दुसरी ओळ. चार लाख आले. आरटीएन. तोच यूटीआर. कारण, अकाउंट क्लोज्ड.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्काचं बंद झालेलं खातं एकच. पूर्वी ती दुसऱ्या शाळेवर होती तेव्हाचं, आणि ते बंद करायला तिला बँकेत घेऊन गेले होते ते हेच! नव्या पासबुकाचा फोटो आक्कानं यांना महिन्यापूर्वी पाठवलेला.

तरी मी स्वतःला म्हटलं, थांब. मोबाइलमध्ये जुनं खातं तसंच राहिलं असेल. चुकून त्याच्यावर बोट पडलं असेल. माणूस चुकतो, नवरा आहे म्हणून काय चुकू नये? म्हणून मी मागं गेले. मिलमध्येही एखाद्याचे पैसे परत आले की मी मागं जाऊन बघते, या खात्यावर पूर्वी कधी गेले होते का. एकेक महिना मागं सरकत गेले आणि दिवाळीत थांबले.

भाऊबीजेचा दिवस. दोन हजार गेले, आक्काच्या नावानं. खाली दोन हजार आले. आरटीएन. अकाउंट क्लोज्ड.

त्या भाऊबीजेला आक्काला सुट्टी मिळाली नव्हती. हे फोनवर म्हणाले होते, “ओवाळणी टाकलीय बघ खात्यावर.” मी शेजारीच करंज्यांचं ताट घेऊन उभी होते. आणि आक्का तिकडून म्हणाली होती, “मिळाली रे भाऊ, लई मिळालं.” कोणती बहीण म्हणेल की ओवाळणी आली नाही, परत टाक? आक्का तर मेली तरी म्हणायची नाही. ते पैसे त्याच दिवशी परत आल्याचं यांना मेसेजवरून कळलं होतं. तेव्हाची चूकच असेल, ती मी माफ करते. पण त्या चुकीतून हा माणूस दोन गोष्टी शिकला. या खात्यावर टाकलेले पैसे फिरून आपल्याकडंच येतात. आणि आक्का विचारत नाही.

मी दोन्ही पानं छापली. मालकाला म्हटलं, घरी काम आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि का म्हणून विचारलंसुद्धा नाही. रिक्षा धरली आणि थेट रजिस्ट्रीत गेले.

रजिस्ट्रीच्या बाकावर आक्का पदर सावरून बसलेली. शेजारी हे. दस्त लिहिणारा समोर उभा राहून वाचून दाखवत होता, राजीखुशीनं, विनामोबदला हक्क सोडते. विनामोबदला! म्हणजे चार लाखांचा दस्तात उल्लेखच नाही. भावाबहिणीत असाच दस्त करतात, मुद्रांक कमी लागतो, ते मला ठाऊक आहे. पण एकदा आत जाऊन फोटो काढला, यंत्रावर अंगठा ठेवला, की मग आक्का कुठल्या तोंडानं म्हणणार होती मला पैसे यायचेत?

“तू हितं कशाला?” हे उठून उभे राहिले.

“अहो, मी बघितलंय म्हणून सांगितलंत ना आक्कांना? मग म्हटलं बघूनच घ्यावं.”

मी कागद आक्काच्या मांडीवर ठेवले. चार लाखांच्या दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. हे गेले, हे आले. नंबर तोच. आणि हे कारण, खातं बंद आहे.

हे म्हणाले, “जुनं खातं राहिलं असंल मोबाइलमधी. चुकलं. एवढं काय आकाशपाताळ एक करायलीस? उद्या परत टाकतो की.”

“चुकलं तर रात्री पैसे परत आल्याचा मेसेज तुम्हालाच आला. मग आज सकाळी आक्कांना वजा झाल्याचा तेवढा का पाठवलात? जमा झाल्याचा का नाही?”

लोक बघायला लागले होते. बघू देत, माझ्या बापाचं काय जातं!

“घरचं घरात ठेवायचं कळतंय का तुला? माझी बायको हायेस का तिची वकील?”

“केसानं गळा कापताय बहिणीचा, आणि तोही माझ्या नावानं. मला वकील तुम्हीच केलंत.”

आमच्या भांडणाकडं आक्काचं लक्षच नव्हतं. तिचं बोट दुसऱ्या पानावर गेलं होतं, भाऊबीजेच्या ओळीवर. “वैनी, ह्ये काय?” तिनं विचारलं. ते मला सांगायचं नव्हतं. खरंच नव्हतं. चार लाखांचं सांगायला मला काही वाटलं नाही, पण त्या दोन हजारांचं मी कागदाकडं बघतच सांगितलं.

आक्कानं त्या ओळीवरचं बोट उचललं. मग भावाकडं बघून म्हणाली, “मी मिळाली म्हणले होते रे.”

आत आमच्या दस्ताचा पुकारा झाला. आक्का उठली, पिशवी काखेत मारली आणि दस्त लिहिणाऱ्याला म्हणाली, “फाडून टाका ते. मला पैशे नको. माझं नाव हाय तिथंच राहू द्या.” तिनं ते चार लाख नंतरही घेतले नाहीत. तिची जागा दुसऱ्यानं घेतली. आता ती वसतिगृहाच्याच मागच्या खोलीत राहते. त्याचा मला आजही संताप येतो. मी पैसे रोखले नव्हते, खोटं रोखलं होतं, पण घर गेलं ते आक्काचं.

पुढचे कित्येक दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मला शांतता बरी वाटली. आक्कानं मात्र त्या पावसाळ्यात येऊन आपला हिस्सा मोजून वेगळा करून घेतला आणि अर्धलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करायला दिला, शेजाऱ्याला, भावाला नाही.

मग दिवाळी आली, आणि आक्का सुट्टी काढून आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. तिनं पाट मांडला, निरांजन लावलं, भावाला ओवाळलं. यांनी पाकीट ताटात टाकलं. आक्कानं ताट खाली ठेवलं, आमच्या सगळ्यांच्या देखत पाकीट फोडलं, नोटा मोजल्या आणि कनवटीला लावल्या.

“मिळाली,” ती म्हणाली.